दिवसा झोपणाऱ्याची पुस्तके

झोपेविषयीची बहुतेक पुस्तके रात्री झोपणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असतात, हे चार-पाच पुस्तके वाचून झाल्यावर माझ्या ध्यानी आले. ठरल्या वेळी अंथरुणावर जावे, सकाळच्या उन्हात थोडे फिरावे, संध्याकाळनंतर दिवे मंद करावेत, असा त्यांचा उपदेश असतो. तो उत्तमच आहे. परंतु जो मनुष्य सकाळी सातला दुकानाची गल्लापेटी दुसऱ्याच्या स्वाधीन करून घरी येतो आणि ज्याची रात्र आपल्या सकाळी सुरू होते, त्याने तो अक्षरशः पाळला तर त्याची उरलीसुरली झोपही जाईल. असा एक मनुष्य आमच्या घरात आहे, म्हणून मला ही पुस्तके वाचावी लागली.

माझे स्वतःचे दुकान सोलापुरी चादरींचे आणि टॉवेलांचे. ते रात्री नऊला बंद होते व मला झोपेची तक्रार कधी नव्हती. थोरल्या बंधूंचे मात्र औषधांचे दुकान आहे आणि समोरच मोठे रुग्णालय असल्यामुळे ते चोवीस तास उघडे असते. बंधू दिवसा बसतात. त्यांची दोन्ही मुले औषधनिर्माणशास्त्र शिकलेली, ती आठवड्याआड रात्रपाळी करीत. एका पहाटे चारच्या सुमारास धाकट्याने पन्नासच्या जागी शंभर मिलिग्रॅमची पट्टी काढून दिली. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच त्याला शंका आली, त्याने हाक मारून पट्टी बदलून दिली आणि घरी येऊन ते सांगितले. कपड्याच्या दुकानात चुकीचा माल गेला तर तो परत येतो. औषधाच्या दुकानात तो परत येईलच असे नाही. त्या दिवशी दादा मला म्हणाले, “तुला वाचनाचा नाद आहे, यातले काही सापडते का बघ.”

प्रथम हाती आले ते मॅथ्यू वॉकर यांचे ‘व्हाय वी स्लीप’. २०१७ साली निघालेले हे पुस्तक फार गाजले आणि ते वाचनीय आहे यात शंका नाही. झोप कमी पडली तर स्मरणशक्ती, हृदय, रक्तातील साखर, रोगप्रतिकारशक्ती यांवर काय परिणाम होतो हे त्यात ठासून सांगितले आहे. काही ठिकाणी इतके ठासून, की त्यातील कित्येक विधाने पुराव्यापेक्षा पुढे जातात अशी टीका पुढे अभ्यासकांकडून झाली. मला त्याची अडचण वेगळी वाटली. ज्याला झोप घ्यायची आहे पण येत नाही, त्याला झोप न घेण्याचे तोटे तीनशे पानांत सांगून काय होणार? सकाळी अकराला डोळे टक्क उघडे असताना त्याला ती पाने आठवत राहतील. जे लोक रात्री एकपर्यंत मोबाइल पाहतात त्यांनी ते अवश्य वाचावे. पुतण्याच्या हाती मी ते दिले नाही.

दुसरे पुस्तक ग्रेग जेकब्ज यांचे ‘से गुड नाइट टु इन्सोम्निया’, १९९८ चे. हे कामाचे पुस्तक आहे. निद्रानाशावर गोळीवाचून जे उपचार सर्वांत अधिक तपासले गेले आहेत, तेच त्यात घरी करता येतील अशा रीतीने सहा आठवड्यांत बसविले आहेत. त्याची सुरुवात नोंदवहीपासून होते आणि व्यापाऱ्याच्या घरात ही सूचना कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मी पुतण्याला एक रोजमेळ करून दिला: अंथरुणावर किती वाजता पडलास, अंदाजे किती वाजता डोळा लागला, किती वाजता उठलास, चहा केव्हा घेतलास, आणि दुकानात सर्वांत अधिक पेंग कोणत्या वेळी आली. हे घड्याळाकडे पाहत पाहत लिहायचे नाही. उठल्यावर आठवेल तसे लिहायचे. असे दोन आठवडे. तेवढ्या काळापुरती रात्रपाळी त्याच्याकडेच ठेवली, म्हणजे हिशेबात गोंधळ नको.

दोन आठवड्यांनी वही उघडली तेव्हा चित्र असे दिसले. कामाच्या बारा दिवसांत तो सकाळी दहाला पडे आणि दुपारी दोनपर्यंत अंथरुणात असे. त्यातली झोप सरासरी तीन तास दहा मिनिटे. संध्याकाळी सहा ते साडेसात पुन्हा पडे. त्यातली झोप एक तास दहा मिनिटे. एकूण चार तास वीस मिनिटे, तीही तुकड्यांत. परंतु शनिवारी रात्री पगारी फार्मासिस्ट दुकानात बसे आणि हा घरी असे. त्या दोन्ही शनिवारी तो अकराला झोपला आणि आठ तासांहून अधिक, मध्ये एकदाही न उठता झोपला.

मला वाटते, साऱ्या वहीतील सर्वांत मोलाच्या नोंदी त्या दोनच. निद्रानाशाचा रोगी रात्री शांत खोलीत पडूनही जागा राहतो. हा मुलगा रात्री पडला की झोपतो. म्हणजे झोपेचे यंत्र बिघडलेले नाही. ते चुकीच्या वेळी चालविले जात आहे. हा भेद कळला नसता तर जेकब्ज यांच्या पुस्तकातील मुख्य उपाय आम्ही त्याच्यावर केला असता. तो उपाय असा, की मनुष्य आठ तास अंथरुणात पडून पाचच तास झोपत असेल, तर अंथरुणातील वेळच साडेपाच तासांवर आणावा. झोप घट्ट झाली की मग तो हळूहळू वाढवावा. खऱ्या निद्रानाशावर हे औषध चांगले लागू पडते. आधीच चार तासांवर आलेल्या रात्रपाळीच्या माणसाला ते दिले तर मात्र पहाटेची पेंग वाढेल, आणि पहाटे त्याच्या हातात लोकांची औषधे असतात. आणखी एक गोष्ट वहीत पाहायची असते ती घोरण्याची. मनुष्य मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास अडकून दचकत असेल, किंवा आठ तास झोपूनही पेंगत असेल, तर पुस्तके मिटून डॉक्टरांकडे जावे. आमच्या मुलात ही लक्षणे नव्हती.

मग चुकीची वेळ म्हणजे काय, हे समजून घेणे आले. झ्युरिकचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेली एक कल्पना आज झोपेच्या बहुतेक पुस्तकांत आढळते. झोप दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे भार: आपण जितके तास जागे असू तितका तो नामे बाजूस साचत जातो, आणि झोपलो की उतरतो. दुसरी म्हणजे शरीराचे घड्याळ. मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो उजेड-अंधार पाहून सुमारे चोवीस तासांचा फेरा चालवितो. दिवसा तो शरीराला जागे धरून ठेवतो आणि रात्री ती पकड सैल करतो. शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली येते आणि पेंगही तेव्हाच सर्वांत जड असते. सकाळी दहाला आमचा पुतण्या अंथरुणावर पडे तेव्हा भार भरपूर साचलेला असे, म्हणून डोळा लागे. पण तीन तासांत त्यातला बराचसा उतरला की वर चढत असलेले घड्याळ त्याला उठवून बसवी. मोबाइल नाही, चिंता नाही, कुणी हाक मारलेली नाही, तरी जाग येई.

हे घड्याळ सर्वांचे सारखे नसते, हे टिल रोनेबर्ग यांचे ‘इंटर्नल टाइम’ वाचून कळते. म्युनिकचे हे संशोधक. त्यांच्या पुस्तकाचे प्रत्येक प्रकरण एका छोट्या कथेने सुरू होते आणि मग त्या कथेचा उलगडा येतो. या साऱ्यांत वाचनसुखासाठी मी हेच पुस्तक पुन्हा हाती घेईन. कोणी जात्याच लवकर उठणारा असतो, कोणी उशिरा. यात आळसाचा भाग आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी असतो. ते ओळखण्याची रोनेबर्ग यांची रीत सोपी आहे. गजर नसलेल्या सुटीच्या दिवशी मनुष्य केव्हा झोपतो, केव्हा उठतो, आणि त्या झोपेचा मध्य किती वाजता येतो, ते पाहावे. थोरला पुतण्या सुटीतही साडेपाचला उठून सामायिकाला बसतो. दहाला त्याच्या पापण्या मिटतात. धाकटा सुटीत आपल्या मर्जीने दीडला झोपतो आणि नऊला उठतो. आजवर घरात एकाला शिस्तीचा आणि दुसऱ्याला उनाड म्हणत असत. आम्ही चौघे बसलो आणि आठवड्याआडची पाळी बंद केली. रात्र कायमची धाकट्याकडे आली, पहाटेचा माल उतरविणे आणि सकाळचे दुकान थोरल्याकडे. धाकट्याला त्याबद्दल नफ्यात अधिक वाटा ठरला, कारण रात्र कायमची घेणे ही फुकटची गोष्ट नव्हे. पाळी दर आठवड्याला बदलत राहिली तर पुढे जे सांगणार आहे ते करता येत नाही. घड्याळ एका बाजूस सरकते न सरकते तोच त्याला उलटे ओढावे लागते.

मुख्य उपाय मात्र मला पुस्तकात नव्हे, शिकागोच्या रश विद्यापीठातील शार्मेन ईस्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधांत सापडला. रात्रपाळीच्या माणसाचे घड्याळ पूर्ण उलटे करावे, तर सुटीच्या दिवशी तो घरच्यांना परका होतो. तसेच ठेवावे, तर दिवसा झोप येत नाही. त्यांनी मधला मार्ग शोधला. घड्याळ इतकेच पुढे सरकवायचे, की पहाटे चारची ती जड वेळ सकाळी दहाच्या सुमारास यावी. मग ती दुकानात किंवा रस्त्यात येत नाही, अंथरुणात येते. त्यांच्या प्रयोगात रात्री अकरा ते सकाळी सात काम, साडेआठ ते साडेतीन झोप आणि सुटीच्या दिवशी पहाटे तीन ते दुपारी बारा झोप असा क्रम होता. आमच्या दुकानाची पाळी योगायोगाने अकरा ते सातचीच.

हे सरकविण्याचे साधन म्हणजे उजेड, आणि इथेच सकाळच्या उन्हाचा तो उपदेश उलटतो. त्या जड वेळेच्या आधी डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळाला उशिराकडे ढकलतो. त्या वेळेनंतर पडलेला उजेड त्याला लवकरकडे ओढतो. पुतण्याचा क्रम काय होता? सातला दुकान सोडायचे, चालत देरासरात दर्शन, मग गच्चीवर वर्तमानपत्र आणि चहा, नाश्ता, आणि दहाला झोप. म्हणजे जड वेळ उलटून गेल्यावर लगेच दोन-तीन तास तो सोलापूरचे ऊन डोळ्यांत घेत होता आणि त्याचे घड्याळ रोज दिवसपाळीच्या माणसाप्रमाणे लावून घेत होता. आमच्याकडे मे महिन्यात सहाच्या आधीच सूर्य उगवतो. जानेवारीत सातच्या सुमारास. त्यामुळे थंडीत त्याची झोप जरा बरी असते असे तो म्हणे, ते थंडीमुळेच असे नव्हे.

बदल केले ते असे. काउंटरवर, त्याच्या डोळ्यांसमोर येतील अशा उंचीवर, आणखी दोन एलईडी नळ्या बसविल्या. त्या रात्री बारा ते साडेतीन चालू राहतात आणि चारनंतर बंद. शिकागोच्या प्रयोगात दर तासाला पंधरा मिनिटे खास प्रखर दिव्याचा उजेड दिला होता. दुकानातल्या नळ्या तितक्या प्रखर नसतात, म्हणून परिणाम सावकाश होणार हे आम्ही धरून चाललो. सातला गल्ला सोपविला की गडद काचांचा चष्मा लावायचा. यात एक धोका आहे, तो सांगितलाच पाहिजे. पेंगुळलेल्या माणसाने गडद चष्मा लावून स्कूटर चालवू नये. पुतण्याचे घर दुकानापासून दहा मिनिटांवर आहे, तो चालत येतो. घर दूर असेल तर रिक्षा करावी किंवा घरातील कुणीतरी आणायला जावे. दर्शन त्याने दुपारी उठल्यानंतर ठेवले. गच्चीवरचा चहा गेला.

आता सवयीचा प्रश्न. सवयींवरील पुस्तकांत मला बी. जे. फॉग यांचे ‘टायनी हॅबिट्स’ अधिक उपयोगी वाटले. ते २०१९ चे. त्यांचे म्हणणे, नवी गोष्ट घड्याळाच्या काट्याला बांधू नका, आधीपासून रोज घडत असलेल्या एखाद्या कृतीला बांधा, आणि ती इतकी लहान ठेवा की टाळावीशी वाटू नये. अशा पुस्तकांतील उदाहरणे बहुधा सकाळी उठून ताजेतवाने होणाऱ्या लोकांची असतात, पण ही रीत दिवसा झोपणाऱ्यालाही लागते. पुतण्याच्या दिवसात वेळ बदलली तरी न बदलणाऱ्या कृती तीनच निघाल्या: गल्ला मोजून थोरल्याच्या हाती देणे, घरी चपला काढणे, आणि अंघोळ. गल्ला दिला की चष्मा. चपला काढल्या की मोबाइल त्याच कप्प्यात. अंघोळ कोमट पाण्याने झाली की सरळ खोलीत. कोमट पाण्याने हातापायांच्या त्वचेकडे रक्त येते, मग शरीर उष्णता बाहेर टाकते आणि आतले तापमान उतरू लागते. त्यामुळे झोप लागायला मदत होते. एवढ्या तीनच गोष्टी. चौथी घालण्याचा मोह मला झाला होता, वहिनींनी तो मोडला.

खोलीच्या बाबतीत पुस्तके आणि सोलापूर यांचे मुळीच जमत नाही. वॉकर अठरा अंश तापमान सुचवितात. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा बेचाळीसपर्यंत जातो आणि झोपायची वेळ नेमकी तीच. पुतण्याची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर होती. ती सोडून तो तळमजल्यावरच्या उत्तरेकडील कोठारात आला. तिथे जाड भिंती आहेत, खिडकी एकच आहे. तिला आतून काळे मेणकापड आणि त्यावर आमच्याच दुकानातली दुहेरी चादर. दार लावून दहा मिनिटांनी स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तर तो दिसता कामा नये, ही अंधाराची कसोटी. कूलर एप्रिल ते जून चालतो. त्याचा एकसारखा आवाज आयताच मिक्सरच्या आणि दारावरच्या घंटेच्या आवाजावर पांघरूण घालतो. इतर महिन्यांत साधा पंखा तेच काम करतो.

अंधार करणे सोपे होते. एकत्र कुटुंबात दुपारी माणूस झोपलेला आहे हे सर्वांच्या अंगी मुरविणे कठीण गेले. आमच्या आईला घरात सगळे बा म्हणतात. तिला दुपारी साडेबाराला नातू उपाशी झोपलेला पाहवत नसे, ती दार लोटून हळूच म्हणे, “बेटा, दोन घास खाऊन परत झोप.” तिची माया खरी होती, पण त्या वेळी भार निम्मा उतरलेला असतो, एकदा उठला की तो पुन्हा झोपत नसे. धाकट्याने स्वतःच तिला समजावले. तो म्हणाला, “बा, माझे साडेबारा म्हणजे तुमची रात्रीची तीनची वेळ. तीनला मी तुम्हाला जेवायला उठवले तर?” तेव्हापासून दाराबाहेर पहारा तीच करते, आणि कुरियरवाल्यालाही दटावते.

खाण्याचा भाग मला अनपेक्षित होता. सच्चिन पांडा यांच्या ‘द सर्कॅडियन कोड’ या २०१८ च्या पुस्तकात असे प्रतिपादन आहे, की यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली घड्याळे असतात आणि ती अन्नाच्या वेळेवरून लागतात. म्हणून खाणे दिवसातील आठ-दहा तासांत आटोपावे. त्यानंतर २०२१ साली बॉस्टनमधील एका प्रयोगात एकोणीस निरोगी माणसांना रात्रपाळीसारखा क्रम दिला. काहींनी रात्रीही जेवण घेतले, काहींनी दिवसाच घेतले. रात्री जेवणाऱ्यांची रक्तातील साखर वाढली; दिवसा जेवणाऱ्यांची तशी वाढली नाही. माणसे थोडी होती आणि प्रयोग चौदा दिवसांचा, इतके लक्षात ठेवून त्याकडे पाहावे. तरी मध्यरात्रीनंतर पोटाला विश्रांती द्यावी हे म्हणणे आपल्या घरांत नवे वाटणार नाही. प्रयोगशाळेने आपल्या नियमाला प्रमाणपत्र दिले असे मात्र मी म्हणणार नाही; रात्रिभोजनाचा त्याग ज्या कारणासाठी आहे ते कारण निराळे आहे आणि त्याला साखरेच्या आकड्यांचा आधार लागत नाही.

व्यवहारात त्याचा क्रम असा बसला. साडेतीनला उठून दर्शन, मग पहिले जेवण. दुसरे सूर्यास्तापूर्वी, नोव्हेंबरात ते सहाच्या आत उरकावे लागते, म्हणून दोन्ही जेवणे बेताची ठेवतो. रात्री पाणी. पहाटे तीनची शेव आणि फरसाण बंद झाले. सकाळी अगदी उपाशी पोटीही झोप लागत नाही, म्हणून सूर्योदयानंतर, झोपण्यापूर्वी, एक भाकरी आणि दूध. हिवाळ्यात नवकारशीची वेळ होईपर्यंत त्याला डोळे उघडे ठेवून बसावे लागते, तेव्हा तो झोपायला उशीर होऊ देतो. चौविहाराचे पच्चक्खाण मात्र त्याने घेतलेले नाही, कारण मध्यरात्रीचा एक कप चहा सुटत नाही. बा त्यावर बोलत नाही, पण पाहते. चहाविषयी पुस्तकांचा हिशेब असा, की घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला सरासरी पाच-सहा तास लागतात. बाराच्या चहातील कॅफीनचा सकाळी आठपर्यंत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास अंश उरतो. पूर्वीचा पहाटे पाचचा आणि त्यानंतरचा गच्चीवरचा चहा मात्र त्याच्याबरोबरच अंथरुणात जात होता. मधुमेहावर इन्शुलिन घेणाऱ्या रात्रपाळीच्या माणसाने आपल्या जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याखेरीज बदलू नयेत.

झोपेच्या गोळ्यांचा विचार घरात झालाच नाही असे नाही. दुकानात त्या हाताच्या अंतरावर असतात. परंतु त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसतात हे त्यालाच अधिक ठाऊक. शिवाय गोळीने झोप येईल, पण घड्याळ जागचे हलणार नाही.

पहिल्या आठवड्यात वहीत फारसे काही दिसले नाही. सव्वाआठला पडून साडेनऊपर्यंत झोप लागली, मग बारा-सव्वाबाराला जाग. जाग आली आणि वीस एक मिनिटे झोप लागली नाही, तर अंथरुणात तळमळत राहू नये, उठून बसावे, ही जेकब्ज यांच्या पुस्तकातली रीत मात्र उपयोगी पडली; फक्त उठून गच्चीवर जायचे नाही, त्याच खोलीत मंद दिव्यापाशी बसायचे. दुसऱ्या आठवड्यात जाग एकला येऊ लागली, चौथ्यात दोनला. याहून मोठी खूण पेंगेच्या रकान्यात होती. आधी तिथे रोज “सव्वाचार” असे लिहिलेले असे. पाचव्या आठवड्यात “साडेसहा” लिहिलेले आढळले, आणि काही दिवशी तो रकाना कोरा होता. सहाव्या आठवड्याच्या शेवटी सरासरी झोप सहा तासांवर आली, तीही सलग. संध्याकाळची झोप आपोआप गळून पडली.

सात तास अजून झालेले नाहीत आणि बहुधा होणार नाहीत. शनिवारी रात्री पहाटे तीनपर्यंत जागायचे, हे त्याला जमत नाही. तो अडीचला झोपतो आणि साडेदहाला उठतो. त्याने सुटीचा क्रम एकदा पूर्ण मोडला, चुलतबहिणीच्या लग्नात चार दिवस सर्वांबरोबर रात्री झोपला, तर पुढची वेळ जुळायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस थोरल्याने प्रत्येक पहाटेची चिठ्ठी फोनवर त्याच्याकडून वाचवून घेतली. पर्युषणात सकाळचे प्रवचन असते, दिवाळीत चोपडापूजन, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. या प्रसंगी वहीतील आकडे पडतात. म्हणून आता वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग पाहून, कोणत्या आठवड्यात पगारी फार्मासिस्ट रात्री बसेल ते लिहून ठेवले जाते.

कर्करोगावरील जागतिक संशोधनसंस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाची नोंद बहुधा कर्करोगकारक अशा वर्गात केली आणि २०१९ साली ती कायम ठेवली. दादांनी हे वाचल्यावर एक दिवस गप्प राहून हिशेब मांडला. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेतली विक्री किती, त्यातला नफा किती, आणि दुसरा फार्मासिस्ट ठेवला तर पगार किती. नफा पगाराहून थोडाच अधिक निघाला. येत्या अक्षय तृतीयेपासून धाकट्याच्या रात्री आठवड्यातून सहाच्या चार होणार आहेत. चार रात्री आणि तीन सुट्यांत तो मधला मार्ग कितपत टिकतो, हे वहीतच कळेल. पेंगेच्या रकान्याशेजारी त्याने आतापासूनच एक नवा रकाना आखून ठेवला आहे.